आभाळ खोडताना बैलाचं कपाळ का खोडलं जातं

पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खांदेमळणीच्या दुपारी, आमच्या दुकानात एक फ्लेक्स परत आला. दहा बाय सहाचा, हळदीच्या रंगाची पार्श्वभूमी आणि मधोमध गावातल्या एका काकांचा देवणी बैल. त्यातला वानेरा प्रकारचा, अंग पांढरंशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळं. उदगीर-देवणी भागात अशा बैलाचा मालक स्वतःचा फोटो नसला तरी चालेल म्हणतो, बैलाचा पाहिजे. काकांनी फ्लेक्स दुकानासमोर उलगडला आणि म्हणाले, "ह्याला लंपी झालाय का रे? का तुझ्या मशीनला झालाय?"

जवळ जाऊन बघितलं तर कपाळावर, वशिंडाच्या कडेला आणि डाव्या शिंगावर पिवळे ठिपके. लंपीच्या गाठीच वाटाव्यात असे. मशीनचा काही दोष नव्हता. फोटोत बैलाच्या मागचं आभाळ खोडताना बैलही जागोजागी खोडला गेला होता आणि त्या भोकांतून खालची हळद दिसत होती. काम माझ्या भाच्याने केलं होतं, पण स्क्रीनवर एकदा नजर टाकून "हाण प्रिंटला" म्हणणारा मीच होतो.

ही तक्रार एकदाची नाही. पांढरं धोतर आणि मागे चुन्याची भिंत, हिरवा शालू आणि मागे उसाचा फड, काळी म्हैस आणि मागे गोठ्यातला अंधार, असे फोटो आले की फोटोशॉपमधलं Background Eraser Tool वापरणारा प्रत्येक जण इथेच अडकतो. पहिला उपाय म्हणून सगळे टॉलरन्स खालीवर करत बसतात. मीही बरीच वर्षं तेच केलं. टॉलरन्सचा हात त्यात आहेच, पण खरी गडबड बहुतेक वेळा शेजारच्या Limits या यादीत असते आणि तिकडे कुणी बघत नाही.

आधी हत्यार नेमकं काय करतं ते बघू. E दाबून इरेझर घ्या आणि Shift+E ने पुढे जा, म्हणजे ते सापडेल. कर्सरला एक गोल दिसतो आणि गोलाच्या मधोमध बारीक अधिकचं चिन्ह. खोडायचा रंग त्या चिन्हाखालून उचलला जातो. गोल फक्त एवढंच सांगतो की आता या हद्दीत शोध घ्यायचा आहे. गोलाबाहेरच्या पिक्सेलला हत्यार हात लावत नाही. गोलातल्या कोणत्या पिक्सेलला लावायचा, ते तीन गोष्टींवर ठरतं: रंग कधी उचलायचा, त्याच्या किती जवळचा रंग तोच समजायचा, आणि तो रंग चिन्हाला सलग जोडलेला असण्याची अट आहे की नाही. वरच्या पट्टीवर यांचीच नावं Sampling, Tolerance आणि Limits.

शेवटची अट काय ते काकांच्या बैलावरच सांगतो. आभाळ श्रावणातलं, ढगाळ, पांढुरकं. F8 दाबून Info पॅनल उघडलं आणि कर्सर आभाळावर धरला तर लाल, हिरवा, निळा या क्रमाने आकडे आले २१४, २१९, २२४. तोच कर्सर कपाळावर नेला तर २२१, २१९, २१४. डोळ्यांना कपाळ किंचित पिवळसर आणि आभाळ किंचित निळसर वाटतं, पण आकड्यांत दोघांमध्ये फरक नावालाच. आभाळ आणि कपाळ यांच्या मध्ये उजवं शिंग आहे. त्याला हिंगूळ लावलेला, लालभडक.

भाच्याचा ब्रश १२० पिक्सेलचा होता. म्हणजे चिन्हापासून गोलाची कड ६० पिक्सेलवर. त्याने चिन्ह आभाळात, शिंगापासून जेमतेम १० पिक्सेल अंतरावर ठेवलं. तिथे शिंगाची जाडी ३० पिक्सेल. म्हणजे शिंग ओलांडून पलीकडच्या कपाळाची २० पिक्सेलची पट्टी गोलात आली. Limits मध्ये होतं Discontiguous. या अटीचा अर्थ असा की उचललेल्या रंगासारखं गोलात जिथे कुठे काही असेल ते उडव, मध्ये काय आहे ते विचारू नकोस. त्यामुळे आभाळ गेलं, शिंग तसंच राहिलं, आणि शिंगापलीकडच्या कपाळावरचा आभाळासारखा भागही गेला. भाचा शिंगाच्या कडेने माउस फिरवत राहिला आणि कपाळाला आतून भोकं पडत राहिली. त्याचं लक्ष शिंगाच्या बाहेरच्या कडेवर होतं, आणि ती कड तर छान साफ होत होती.

आता त्याच जागी, त्याच ब्रशने, टॉलरन्सही न बदलता फक्त Limits मध्ये Contiguous निवडा. आता अट अशी की चिन्हाखालच्या पिक्सेलपासून सुरुवात करून, सारख्या रंगाच्या पिक्सेलवरून पाय न उचलता जिथपर्यंत जाता येईल तेवढंच उडवायचं. लाल शिंग आडवं आलं की वाट संपली. पलीकडचं कपाळ कितीही आभाळासारखं असो, तिथे पोचताच येत नाही.

भाच्याला मी हे पाटाच्या पाण्यावरून समजावलं. डिसकंटिग्युअस म्हणजे पाऊस, बांधाच्या दोन्ही बाजूंना सारखाच पडणार. कंटिग्युअस म्हणजे पाटाचं पाणी, बांध असेल तिथे थांबणार. टॉलरन्स म्हणजे पाटात किती पाणी सोडलं ते. बांध गुडघ्याएवढा आणि पाणी कमरेएवढं सोडलं, तर बांध असून नसल्यासारखाच.

त्यावर भाच्याचा प्रश्न आला, "मग कंटिग्युअसच ठेवायचं ना मामा, डिसकंटिग्युअसला हात कशाला लावायचा?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर बैलाच्या गळ्यात होतं.

गळ्यात आणि शिंगांच्या टोकांना लोकरीचे गोंडे होते, लाल, पिवळे, हिरवे. गोंड्याच्या धाग्याधाग्यांत आभाळाचे बारीक तुकडे अडकलेले असतात. कंटिग्युअस तिथे बाहेरचं आभाळ साफ करतं आणि आतले तुकडे तसेच ठेवतं, कारण प्रत्येक तुकड्याभोवती धाग्याचं कुंपण आहे. हळदीच्या पार्श्वभूमीवर ते तुकडे गोंड्याला राख लागल्यासारखे दिसतात. प्रत्येक तुकड्यावर चिन्ह नेऊन वेगवेगळं क्लिक करायचं म्हटलं तर एका गोंड्यात संध्याकाळ होईल. तिथे डिसकंटिग्युअस लावलं की गोलातले सगळे तुकडे एका झटक्यात जातात. आणि ते तिथे चालतं, कारण गोंड्यात पांढुरकं असं बैलाचं काहीच नाही.

म्हणून ही निवड अख्ख्या फोटोसाठी एकदाच करायची नसते. जिथे ब्रश ठेवला आहे त्या गोलापुरती ती करायची असते. मी गोलात एकच बघतो: जे राखायचं आहे त्यात पार्श्वभूमीसारखा रंग आहे का? नसेल तर डिसकंटिग्युअस, बिनधास्त. असेल, पण मध्ये वेगळ्या रंगाचा बांध असेल, तर कंटिग्युअस. असेल आणि बांधही नसेल, तर हे हत्यार खाली ठेवायचं. या तिसऱ्या प्रकाराकडे पुढे येतो, कारण वशिंडाची भानगड तिथलीच होती.

ब्रशचा आकारसुद्धा एक मर्यादाच आहे, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. शिंगाजवळ १२० ऐवजी ६० पिक्सेलचा ब्रश घेतला असता तर कड चिन्हापासून ३० वर आली असती. शिंग १० वर सुरू होऊन ४० वर संपत होतं. म्हणजे कपाळ गोलात आलंच नसतं आणि डिसकंटिग्युअस असूनही काही बिघडलं नसतं. चौकोनी कंसाच्या दोन कळांनी ब्रश लहानमोठा होतो. घाईत मोठा ब्रश घेण्याचा मोह होतोच, पण सारख्या रंगाजवळ तो मोह महागात पडतो. ब्रश कडकही असावा, Hardness १०० च्या आसपास. मऊ ब्रशने गोलाच्या कडेला अर्धवट खोडलेलं धुकं राहतं आणि मग दोष टॉलरन्सला जातो.

आता डावं शिंग. तिथे मी स्वतः फसलो.

उजव्या शिंगावर कंटिग्युअसने काम फत्ते झालं, म्हणून भाच्याला बाजूला सारून मी रुबाबात डावं शिंग घेतलं. तीच सेटिंग. दोन फटके मारले आणि कपाळावर पुन्हा भोक. कंटिग्युअस लावलेलं असताना! झूम ४०० टक्के केल्यावर उलगडा झाला. उजव्या शिंगाला नुसता हिंगूळ होता, डाव्याला हिंगुळावर रुपेरी बेगड गुंडाळलेली. बेगड म्हणजे आरसाच. तिच्या सुरकुत्यांत आभाळ उतरलेलं. लाल शिंगावर आभाळाच्या रंगाचा एक बारीक आडवा पट्टा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेला होता. बांधाला खिंड पडली होती आणि पाणी तिथून पलीकडच्या कपाळात शिरलं होतं.

पट्ट्यावरचे आकडे बघितले: १९०, १९६, २०३. आभाळापेक्षा थोडे गडद, पण टॉलरन्स होता ५०, म्हणजे हत्यार उघडल्यावर जो मुळात असतो तोच. ५० ला हत्यार फार उदार असतं, एवढा फरक त्याच्या लेखी फरकच नाही. टॉलरन्स उतरवत गेलो. ३० ला गळती होतीच. २० ला कमी झाली. १२ ला बेगडीचा पट्टा शाबूत राहिला, आणि तो राहिला म्हणून कपाळही राहिलं. टॉलरन्सचे टक्के आणि Info मधले आकडे यांचं तोंडी कोष्टक मांडायच्या भानगडीत मी पडत नाही. फोटोवरच एक फटका मारायचा, बघायचं, Ctrl+Z करायचं आणि आकडा बदलायचा. चारपाच फटक्यांत जागा सापडते.

एक गोष्ट बघण्यासारखी आहे. कपाळ आणि आभाळ यांच्यातला फरक बेगड आणि आभाळ यांच्यातल्या फरकापेक्षा खूपच कमी होता. टॉलरन्स १२ ला कपाळ रंगाच्या जोरावर वाचलेलं नव्हतं, तिथेच चिन्ह ठेवलं असतं तर ते १२ लाही उडालं असतं. ते वाचलं बांधाच्या जोरावर. टॉलरन्स कमी करून आपण कपाळ वाचवत नसतो, बांध वाचवत असतो. म्हणून आकडा ठरवताना बांधातली सगळ्यात कच्ची जागा शोधायची आणि चाचणीचा फटका तिथे मारायचा. डिसकंटिग्युअसमध्ये ही सोय नाही. तिथे कपाळ वाचवायला टॉलरन्स एवढा खाली न्यावा लागतो की खुद्द आभाळच नीट खोडलं जात नाही.

कमी टॉलरन्सची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. मोबाइलच्या फोटोत ढगाळ आभाळ दिसायला सपाट, पण आतून रवाळ असतं. १२ वर कंटिग्युअस फिरवलं की हद्दीबाहेरचे रवे बेटांसारखे मागे राहतात. भाचा असे ठिपके बघितले की टॉलरन्स वाढवायचा, आणि तिथूनच गळती सुरू व्हायची. ते ठिपके राहू द्यावेत. आधी फक्त कडेकडेने एक मोकळा पट्टा साफ करून घ्यायचा आणि पलीकडचं सगळं आभाळ लॅसोने घेरून Delete. मोकळ्या आभाळावर हे हत्यार घासत बसायची गरजच नाही.

टॉलरन्स कमी करूनही खिंड बुजत नसेल तर Protect Foreground Color वर टिक करायची. Alt धरून बेगडीच्या पट्ट्यावर क्लिक केलं की तो रंग फोरग्राउंडला येतो आणि हत्यार त्याला सोडून देतं. मात्र हे एका वेळी एकच रंग राखतं, आणि राखलेला रंग आभाळाच्या फार जवळचा असेल तर आभाळही राखलं जातं. बेगडीपुरतं ठीक आहे. काम झालं की टिक काढून टाका, नाहीतर पुढच्या फोटोत काही भाग खोडलाच जात नाही म्हणून अर्धा तास डोकं खाजवत बसाल.

रंग कधी उचलायचा, त्याचे तीन प्रकार आहेत. Sampling: Continuous मध्ये माउस फिरेल तसा चिन्हाखालचा रंग नव्याने उचलला जातो. आभाळ वर उजळ आणि क्षितिजाकडे मळकट असतं, तिथे हे सोयीचं. पण हात जरा हलला आणि चिन्ह शिंगाला टेकलं की त्या क्षणी हत्यार लाल रंग उचलतं आणि शिंगच खातं. Sampling: Once मध्ये पहिल्या क्लिकला जो रंग मिळाला तोच माउस सोडेपर्यंत कायम. चिन्ह शिंगावरून गेलं तरी शिंग शाबूत. कडेच्या कामाला मी हेच ठेवतो. आभाळाची छटा बदलली की माउस सोडून पुन्हा क्लिक करायचं, एवढीच तसदी. मात्र वन्स लावलं म्हणजे सगळं सुरक्षित, असं समजू नका. चिन्ह घसरून कपाळावर गेलं तर कपाळाचा रंग मुळात आभाळासारखाच आहे, तो जाणारच. कंटिग्युअसचा बांधही तेव्हा कामाचा नाही, कारण तुम्हीच बांध ओलांडून शेतात उभे आहात. चिन्ह कायम आभाळात हवं, गोल कुठेही जाऊ द्या.

तिसरा प्रकार Sampling: Background Swatch. यात चिन्हाखालचा रंग उचललाच जात नाही, टूलबारमधला बॅकग्राउंडचा रंग असतो तोच खोडला जातो. मागे एकरंगी पडदा असेल तर बरा. पण हा चुकून लागलेला राहिला की गंमत होते. D दाबलं की बॅकग्राउंडला पांढरा येतो. मग आभाळावर घासघास घासलं तरी ते धड जात नाही आणि बैलाच्या अंगावरची उन्हाची चकाकी मात्र गायब होते. माझ्या ओळखीच्या एका स्टुडिओवाल्याने एवढ्याच कारणासाठी सॉफ्टवेअर दोनदा काढून पुन्हा टाकलं होतं. "हत्यार उलटं चालतंय" असं कुणी म्हणालं की मी सगळ्यात आधी हेच बघतो.

Limits मध्ये तिसरं एक नाव आहे, Find Edges. तेही कंटिग्युअससारखं जोडलेलंच खोडतं, पण कडेचा धारदारपणा जास्त जपतं. उजव्या शिंगासारख्या स्वच्छ, ठळक कडेला चांगलं. गोंडे आणि शेपटीच्या केसांना मला तरी ते मानवलेलं नाही.

आता वशिंड. फ्लेक्सवर तिथे सलग कड कुरतडल्यासारखी दिसत होती. वशिंडाच्या वरच्या कडेला झूल नव्हती, हिंगूळ नव्हता, काहीच नव्हतं. पांढरं वशिंड थेट पांढुरक्या आभाळाला भिडलेलं. आकडे घेतले तर कडेच्या दोन्ही बाजूंना चारपाचाचा फरक, आणि जेपीईजीने कडेशी तोही पुसट केलेला. इथे बांधच नाही, तर पाणी थांबेल कशाला? टॉलरन्स ५ केला, ३ केला, तरी कुठे आभाळ राहायचं, कुठे वशिंड जायचं. डोळ्यांना कड दिसते, कारण वशिंड कसं असतं ते आपल्याला माहीत आहे. हत्याराला बैल माहीत नाही, फक्त रंग माहीत आहे. अशा ठिकाणी पेन टूलने हातानेच कड काढायची. वशिंड ते पाठ एवढी रेघ काढायला दहा मिनिटं लागली. त्याआधी टॉलरन्सशी कुस्ती खेळण्यात पाऊण तास गेला होता.

काकांना दिवेलागणीपर्यंत फ्लेक्स द्यायचा होता, कारण पोळ्याच्या सकाळी तो वेशीत लागायला हवा. नव्याने सगळं करायला वेळ नव्हता, म्हणून भाच्याच्या कामातलं जे चांगलं होतं ते ठेवून फक्त भोकं बुजवली. नशिबाने मूळ फोटो जागेवर होता. हे हत्यार पिक्सेल खरोखरच उडवतं, पडदा टाकून झाकत नाही, आणि लेअरची पारदर्शकता लॉक केलेली असली तरी जुमानत नाही. म्हणून सुरुवातीलाच Ctrl+J करून एक प्रत बाजूला ठेवायची. भाच्याने ते केलं नव्हतं.

भोकं बुजवताना मूळ फोटो खोडलेल्या लेअरच्या खाली, अगदी त्याच जागी ठेवला. मग Alt धरून मास्कच्या बटणावर क्लिक केलं. मास्क काळा येतो, म्हणजे मूळ फोटो पूर्ण झाकला जातो. पांढऱ्या ब्रशने फक्त कपाळावर आणि बेगडीवर रंगवलं. खालचं खरं कपाळ भोकांतून वर आलं.

मूळ फोटो वर ठेवून त्यालाच खोडलेल्या आकाराचा मास्क द्यायचा, असाही एक मार्ग आहे आणि तो जास्त सोपा दिसतो. मी तो टाळला. कारण हे हत्यार कडेला नुसतं खोडत नाही, कडेच्या पिक्सेलमध्ये मिसळलेला आभाळाचा रंगही काढून घेतं. म्हणूनच गोंड्याचे धागे हळदीवर ठेवले तरी त्यांच्याभोवती पांढुरकी झालर दिसत नाही. मूळ फोटोला मास्क दिला की कडेचे जुने पिक्सेल परत येतात आणि त्यांच्याबरोबर झालरही. खोडलेला लेअर वर राहिला तर त्याच्या कडा तशाच राहतात आणि खालचा फोटो फक्त भोकांपुरता कामाला येतो. रंगवताना ब्रश बैलाच्या बाहेरच्या कडेपर्यंत न्यायचा नाही, एवढं सांभाळायचं.

हे सगळं प्रिंट होईपर्यंत का दिसलं नाही? फोटोशॉपमध्ये पारदर्शक भाग पांढऱ्या-करड्या चौकटींचा दिसतो. पांढऱ्या कपाळावरचं लहान भोक त्या चौकटींत मिसळून जातं. आता आमच्याकडे नियम आहे: खोडायला बसण्याआधी खाली एक Solid Color लेअर, गडद जांभळा. काळ्या म्हशीचा फोटो असेल तर पोपटी. रंग असा की जो फोटोत कुठेच नाही. पहिल्याच फटक्याला कपाळावर जांभळा ठिपका उमटतो आणि हात तिथेच थांबतो. काम झाल्यावर तोच लेअर एकदा काळा आणि एकदा पांढरा करून बघायचा. काळ्यावर उरलेलं आभाळ दिसतं, पांढऱ्यावर गडद झालर.

भोक कुठे पडलं यावरून कारणही कळतं. जे राखायचं त्याच्या आत, कडेपासून थोड्या अंतरावर, ब्रशच्या गोलाईची सुटी भोकं असतील तर डिसकंटिग्युअस लागलेलं आहे. भोकाची एक बारीक शेपटी बाहेरच्या आभाळापर्यंत जोडलेली असेल तर कंटिग्युअसला खिंड सापडली आहे. शेपटीच्या मागे गेलं की आमच्यासारखी बेगड नाहीतर पुसट कड भेटेल. सलग कड कुरतडलेली असेल तर तिथे बांधच नाही, पेन घ्या. आणि शिंगासारखी वेगळ्याच रंगाची वस्तू चावा घेतल्यासारखी तुटली असेल तर कंटिन्युअस सॅम्पलिंग चालू असताना चिन्ह तिच्यावर गेलेलं आहे.

दुसरा फ्लेक्स दिवेलागणीला निघाला. काकांनी चष्मा लावून कपाळ तपासलं, वशिंड तपासलं, बेगडसुद्धा नखाने खरवडून बघितली. मग म्हणाले, "शेपटीचा गोंडा कुठाय?" गोंडा मी लॅसोने आभाळाबरोबर Delete करून टाकला होता. फ्लेक्स तसाच लागला वेशीत.